दोन टोकांचा फायदा

समजा, सगळ्या मुदतींवर व्याजदर ७ टक्के आहे. बुलेटवाल्याने १०० रुपये १० वर्षांच्या शून्य-कूपन रोख्यात घातले. बार्बेलवाल्याने निम्मे २ वर्षांच्या, निम्मे १८ वर्षांच्या रोख्यात. दोघांचे ड्युरेशन १० वर्षेच.

दर एकदम ९ टक्के झाले, तर बुलेट ८३.०९ रुपयांवर येते, बार्बेल ८४.०१ वर. दर ५ टक्क्यांवर आले, तर बुलेट १२०.७७, बार्बेल १२२.१४. दोन्हीकडे बार्बेल सरस! हीच कन्व्हेक्सिटी: दर चढताना लांब रोख्याचा वाटा आक्रसतो, म्हणून पुढची घसरण मंदावते, उतरताना तोच वाटा फुगतो.

पण हे सगळे दर सारखेच हलले तरच. फक्त १८ वर्षांचा दर ९ टक्क्यांवर गेला, तर बुलेट जागेवर राहते आणि बार्बेल ८५.८३ वर घसरते. शिवाय बाजारात बार्बेलचा परतावा बहुधा थोडा कमी असतो. दर फारसे हलले नाहीत, तर बुलेटच बरी.