सामना सुरू होण्याआधीचा शेवटचा भाव

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या एखाद्या फुटबॉल सामन्याचे भाव बुकी बरेच दिवस आधी खुले करतात. सामना सुरू होईपर्यंत ते हलत राहतात. कोणी जखमी झाल्याची बातमी येते, संघ जाहीर होतो, जाणकारांचा मोठा पैसा एका बाजूला पडतो आणि प्रत्येक वेळी भाव थोडा सरकतो. सामना सुरू होण्याच्या क्षणी जो भाव उरतो, तो क्लोजिंग लाइन. पैज लावताना मिळालेला भाव या शेवटच्या भावापेक्षा किती सरस होता, हे मोजणारा आकडा म्हणजे क्लोजिंग लाइन व्हॅल्यू, म्हणजेच सीएलव्ही.

या आकड्याची गरज पडते, कारण थोड्या पैजांच्या निकालांवरून कौशल्य ओळखता येत नाही. समान शक्यतेच्या दोन बाजूंवर बुकी प्रत्येकी 1.95 भाव देतो असे धरू. म्हणजे शंभर रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह 195 रुपये हाती येतात. कसलेही ज्ञान नसलेला माणूस दीर्घकाळात इथे अडीच टक्के गमावणार. तरीही 100 पैजांनंतर तो नफ्यात असण्याची शक्यता सुमारे 38 टक्के असते. उलट, त्याच समान शक्यतेच्या पैजांवर नेमाने 2.10 भाव मिळवणारा दीर्घकाळात पाच टक्के कमावतो, पण 100 पैजांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 31 टक्के असते. पाच टक्क्यांची ही कमाई निव्वळ नशिबापासून बऱ्यापैकी खात्रीने वेगळी काढायला पावणेदोन हजारांच्या आसपास पैजा लागतात. आठवड्याला दहा पैजा लावणाऱ्याला त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ जाईल.

सीएलव्ही निकालाकडे पाहतच नाही. समजा, मंगळवारी एका संघावर 2.10 भावाने पैसे लावले आणि शनिवारी सामना सुरू होताना दोन्ही बाजूंचा भाव 1.95 झाला. या 1.95 मध्ये बुकीचे मार्जिन दडलेले आहे. ते काढण्यासाठी दोन्ही भावांचे व्यस्त घ्यायचे. प्रत्येकी 51.28 टक्के येतात, बेरीज होते 102.56. वरचे 2.56 टक्के हे मार्जिन. दोन्ही बाजूंना बेरजेने भागले की प्रत्येकी 50 टक्के शक्यता उरते, म्हणजे रास्त भाव 2.00. मग 2.10 भागिले 2.00, वजा 1, म्हणजे पाच टक्के सीएलव्ही. तो संघ पुढे हरला तरी हा आकडा बदलत नाही. मार्जिन काढायचे राहून जाणे ही इथली नेहमीची चूक. 2.00 भावाने पैज लावणाऱ्याला 1.95 पाहून आपण अडीच टक्के पुढे आहोत असे वाटते, प्रत्यक्षात तो बरोबरीवर असतो.

एका पैजेचा निकाल एक तर सगळे पैसे घालवतो, नाही तर जवळपास दुप्पट करतो. भावातला फरक मात्र सहसा काही टक्क्यांच्या आतच खाली-वर होतो. त्यामुळे पन्नास-शंभर पैजांतच सरासरी सीएलव्ही बऱ्यापैकी स्थिर होतो. ती सरासरी शून्याच्या खाली असताना कोणी नफ्यात असेल, तर त्या नफ्याचे श्रेय नशिबाला देणेच शहाणपणाचे.

हे सगळे एका गृहीतकावर उभे आहे: शेवटचा भाव खऱ्या शक्यतेच्या अगदी जवळ असतो. पिनॅकलसारखा बुकी कमी मार्जिन ठेवतो, जिंकणाऱ्यांना हाकलत नाही आणि सामना जवळ येईल तशी पैजेची मर्यादा वाढवतो. त्यामुळे मोठ्या सामन्यांत त्याच्या शेवटच्या भावात जाणकारांचे मत मुरलेले असते आणि तुलना सहसा त्याच्याशीच करतात. जिंकणाऱ्यांच्या पैजांवर बंधने घालणाऱ्या बुकीचा शेवटचा भाव तेवढा बोलका नसतो. खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये किंवा एखाद्या खेळाडूच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजांत उलाढाल इतकी कमी असते, की एकाच माणसाच्या पैशाने भाव हलतो. मग त्याचा सीएलव्ही म्हणजे त्याच्याच पैजेची सावली. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या टोटवर तर हे माप लागूच पडत नाही, कारण तिथे आधी आणि उशिरा लावणाऱ्या सगळ्यांना एकच अंतिम डिव्हिडंड मिळतो.

उलट बाजूही आहे. बाजाराला शेवटपर्यंत न उमगलेली गोष्ट ज्याला कळते, तो सीएलव्ही शून्य असूनही कमावू शकतो. पण त्याला ते सिद्ध करायला निकालांचाच लांबलचक हिशेब लागतो, आणि असा दावा करणारे असे कमावणाऱ्यांपेक्षा फार जास्त असतात. मापाची परीक्षाही त्याच हिशेबाने होते. काही हजार पैजांनंतर सीएलव्ही सरासरी चार टक्के आणि प्रत्यक्ष नफा शून्याजवळ दिसला, तर तुलनेसाठी घेतलेला शेवटचा भावच चुकीचा होता असा संशय घ्यावा.