गोल झालेल्या पेशी आणि पानथरी

रक्ताच्या रिपोर्टात आपली नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते आणि तिथेच थांबते. त्याच्या खाली एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी अशी आद्याक्षरं ओळीने असतात. त्यातली एमसीएचसीची ओळ बहुतेकांच्या बाबतीत काहीच बोलत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण ती 36च्या वर गेली, तर तिथे थांबून विचार करायला हवा. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या रक्तविकाराचा माग पुष्कळदा याच ओळीपासून लागतो.

उदाहरणादाखल नऊ वर्षांची एक मुलगी धरू. लवकर दमते, ओठ फिकट, डोळे अधूनमधून पिवळे. जन्मल्यावर कावीळ झाली म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. पुढे डोळे पिवळे दिसले की घरचे काविळीचं झाडपाल्याचं औषध आणत. पिवळेपणा आपोआप कमी होई आणि श्रेय औषधाला जाई. अशक्तपणावर लोहाचं सिरप कित्येक महिने चाललं, पण हिमोग्लोबिन हललं नाही. वडिलांचं पित्ताशय विशीतच खड्यांमुळे काढावं लागलं होतं. मुलीच्या फिकेपणाशी त्याचा काही संबंध असेल, असं कुणाच्या मनात येण्याचं कारणही नव्हतं.

तिच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 8.6 आहे आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 23.1 टक्के. हिमोग्लोबिनला पीसीव्हीने भागून शंभराने गुणलं की एमसीएचसी मिळतं, ते इथे 37.2 येतं. सर्वसाधारणपणे हा आकडा 32 ते 36च्या दरम्यान असतो. हिमोग्लोबिनची तिप्पट केली की साधारण पीसीव्ही येतो, हा लॅबमधला जुना आडाखा. तो लावला तर पीसीव्ही 26च्या आसपास हवा होता. म्हणजे हिमोग्लोबिनच्या मानाने पेशींनी व्यापलेली जागा कमी आहे. पेशी थोड्या आहेतच, पण आहेत त्याही आतून दाटल्या आहेत.

लोहाच्या कमतरतेत नेमकं उलटं होतं. तिथे पेशीत हिमोग्लोबिनच अपुरं असतं, त्यामुळे हा आकडा उतरतो. म्हणून फिकट मुलाचं एमसीएचसी चढलेलं दिसलं, तर लोहाची बाटली पुन्हा लिहून देण्याआधी दुसरं काही शोधायला हवं. मात्र आकडा खोटाही असू शकतो. नमुन्यात चरबी जास्त असेल, सुईतून रक्त ओढतानाच पेशी फुटल्या असतील किंवा थंडीत पेशी एकमेकींना चिकटल्या असतील, तरी यंत्र वाढलेलं एमसीएचसी दाखवतं. म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं चुकवता येत नाही.

त्या पट्टीवर काय दिसतं? निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी मधे दबलेली असते, त्यामुळे तिचा मधला भाग फिकट दिसतो. या मुलीच्या रक्तात काही पेशी लहान, गोलमटोल, सगळीकडून सारख्याच गडद आहेत. दोष त्यांच्या आवरणात आहे. आवरणाच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते आणि अँकिरिन, बँड 3 यांसारखी प्रथिनं तिला आवरणाशी बांधून ठेवतात. यातल्या एखाद्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला की बांधणी सैल पडते आणि आवरणाचे बारीक तुकडे गळत राहतात. आतला ऐवज बहुतांशी तेवढाच, पण कातडं कमी, मग पेशीला गोल होण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय तिच्यातून पोटॅशियम आणि पाणी बाहेर पडतं. एमसीएचसी चढतं ते या कोरडेपणामुळे आणि आवरण आक्रसल्यामुळे.

गरम पाण्याची पिशवी अर्धवट भरलेली असली तर हवी तशी वाकते, अरुंद फटीतूनही सरकवता येते. काठोकाठ भरली की ती वाकत नाही आणि तिच्यात आणखी पाणी मावतही नाही. गोल पेशीची अडचण हीच आहे आणि तिला दोन ठिकाणी तोंड द्यावं लागतं: शरीरात पानथरीत आणि लॅबमध्ये परीक्षानळीत.

पानथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली असते. तिच्यातून रक्त परतताना तांबड्या पेशींना एक-दोन मायक्रॉनच्या फटींतून स्वतःला पिळून बाहेर यावं लागतं, आणि पेशीचा व्यास तर सात-आठ मायक्रॉन असतो. लवचीक पेशी निघून जाते. गोल पेशी अडकते, तिथल्या साखर कमी आणि आम्लता जास्त अशा वातावरणात आणखी आवरण गमावते आणि शेवटी तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. 120 दिवस जगायची ती कितीतरी आधी संपते. फुटलेल्या पेशींमधून बिलिरुबिन तयार होतं, डोळे पिवळे होतात. हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरवीच्या काविळीसारखी लघवी गडद पिवळी होत नाही. यकृताचा इथे काही दोष नाही, आणि पानथरीचाही नाही. ती तिचं नेहमीचंच काम करते आहे.

परीक्षानळीतली चाचणी म्हणजे ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी. फ्रान्सच्या शोफार यांनी 1907मध्ये या आजारात पेशी कमी खारट पाण्यात लवकर फुटतात हे दाखवलं, आणि चाचणीचं तत्त्व आजही तेच आहे. मिठाचं प्रमाण उतरत्या क्रमाने कमी केलेल्या नळ्या मांडतात. सुरुवातीला 0.9 टक्के, म्हणजे रक्ताशी मिळतंजुळतं द्रावण, आणि शेवटी नुसतं शुद्ध पाणी. प्रत्येक नळीत थोडं रक्त टाकतात, अर्धा तास ठेवतात आणि नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. अखंड पेशी तळाशी बसतात. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन वरच्या पाण्यात उतरून त्याला लाल करतं आणि ती लाली यंत्राने मोजतात. द्रावण जितकं कमी खारट, तितकं पाणी पेशीत शिरतं. निरोगी पेशींत फुगायला जागा असते, त्या 0.5 ते 0.45 टक्क्यांच्या आसपास फुटू लागतात. आपल्या मुलीच्या पेशी 0.65च्या नळीतच फुटू लागल्या.

आपल्याकडे थॅलॅसेमियाच्या वाहकांच्या चाळणीसाठी 0.36 टक्क्यांच्या एकाच नळीची चाचणी वापरतात, तिचं तत्त्वही हेच. फरक एवढाच की थॅलॅसेमिया वाहकाच्या पेशी चपट्या, रिकामटेकड्या असल्याने तिथे फुटतच नाहीत.

ताज्या रक्तावर केलेली चाचणी सौम्य रुग्णांत नॉर्मल येऊ शकते. म्हणून रक्त 24 तास 37 अंशांवर ठेवून ती पुन्हा करतात, कारण उपाशी राहिलेल्या दुबळ्या पेशींचा दोष तोवर उघडा पडतो. जोडीला लोहाची कमतरता असेल तर निकाल झाकला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी पेशी गोल आहेत एवढंच सांगते, कशामुळे झाल्या ते सांगत नाही. शरीराच्या प्रतिपिंडांनी स्वतःच्याच पेशींवर हल्ला केला तरी पेशी गोल होतात, त्यांचाही निकाल असाच येतो, पण त्यांचा उपचार अगदी वेगळा आहे. दोन्हींतला फरक कूम्ब्स चाचणी दाखवते. आनुवंशिक आजारात ती निगेटिव्ह असते. मोठ्या लॅबमध्ये आता फ्लो सायटोमेट्रीवरची ईएमए चाचणी होते, ती पटकन आणि जास्त भरवशाने उत्तर देते. घरात आजार असेल, पट्टीवर गोल पेशी असतील, एमसीएचसी चढलेलं असेल, कोवळ्या पेशींचं म्हणजे रेटिक्युलोसाइटचं प्रमाण वाढलेलं असेल आणि कूम्ब्स निगेटिव्ह असेल, तर निदानासाठी पुढची चाचणी लागतेच असं नाही.

आता पानथरी काढण्याचा प्रश्न. सर थॉमस स्पेन्सर वेल्स या लंडनच्या शल्यविशारदांनी 1887मध्ये कावीळ असलेल्या एका तरुण स्त्रीचं पोट उघडलं. गर्भाशयाची गाठ असावी असा अंदाज होता. निघाली ती वाढलेली पानथरी, आणि ती त्यांनी काढून टाकली. त्या बाईंची कावीळ गेली. सुमारे चाळीस वर्षांनी लॉर्ड डॉसन यांनी त्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्या ठणठणीत होत्या, पण पेशी अजूनही कमी खारट पाण्यात लवकर फुटत होत्या. या एका रुग्णात सगळं कळतं: शस्त्रक्रियेने पेशीतला दोष जात नाही, तिचा नाश थांबतो.

म्हणूनच ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी किती बिघडली आहे यावर शस्त्रक्रिया ठरत नाही. ठरते ती रुग्ण कसा जगतो आहे यावरून. हिमोग्लोबिन 11च्या वर आणि बिलिरुबिन 2च्या आत असेल तर आजार सौम्य, पानथरीला हात लावायचा नाही. हिमोग्लोबिन 6 ते 8वर राहून वारंवार रक्त चढवावं लागत असेल तर ती काढणं योग्य. अवघड असतो तो मधला गट आणि आपली मुलगी त्यातच आहे: हिमोग्लोबिन 8.6, रेटिक्युलोसाइट 9 टक्के, बिलिरुबिन 2.8. इथे डॉक्टर विचारतात, वजन-उंची वयाप्रमाणे वाढते आहे का? शाळा बुडते का? खेळते का? पित्तखड्यांनी पोट दुखतं का? वर्षभरात रक्त किती वेळा लागलं? एखाद्याच वेळी हिमोग्लोबिन अचानक कोसळलं असेल, तर ते कारण पुरेसं नाही. पार्व्होव्हायरस बी19 हा विषाणू काही दिवस नव्या पेशी बनणंच बंद पाडतो, तेव्हा रक्त द्यावं लागतं, पण हे सहसा आयुष्यात एकदाच होतं.

सहा वर्षांच्या आत शक्यतो पानथरी काढत नाहीत. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस यांसारख्या जंतूंना रक्तातून गाळून काढण्यात तिचा मोठा वाटा असतो आणि लहानग्यांना तिची गरज जास्त. काढायची ठरली तर किमान दोन आठवडे आधी या जंतूंवरच्या आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बीवरच्या लशी द्यायच्या. सोनोग्राफीत त्रास देणारे खडे दिसले तर पित्ताशयही त्याच वेळी काढतात. काही केंद्रांत पानथरीचा थोडा भाग राखतात, म्हणजे संरक्षण काही प्रमाणात टिकतं, पण तो भाग पुन्हा वाढू शकतो.

निदानात एक चूक मात्र महाग पडते. आनुवंशिक झेरोसायटोसिस नावाच्या दुसऱ्या आजारातही पेशी कोरड्या पडतात, एमसीएचसी चढतं, कावीळ होते. पण त्यात पेशी कमी खारट पाण्यात उलट जास्त टिकतात, आणि त्या रुग्णाची पानथरी काढली तर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका खूप वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी ती नळ्यांची रांग किंवा ईएमए चाचणी पुन्हा एकदा नीट बघायची.

आपल्या मुलीची उंची वयाप्रमाणे आहे, रक्त एकदाही चढवावं लागलेलं नाही. तिला रोज फोलिक अॅसिडची गोळी, वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि तपासणी, लोह बंद. धाकट्या भावाचंही रक्त तपासायचं, कारण आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला तर बहुतेक घरांत प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. पुढे कधी तिची पानथरी काढावी लागलीच, तर ताप आला की सकाळपर्यंत थांबायचं नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, हिला पानथरी नाही.