सुरक्षित वेग नावाचा समज

१२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून सँतो दोमिंगोला निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच क्वीन्समधील वस्तीवर कोसळले. एअरबस ए-३०० जातीच्या या विमानाच्या शेपटीचा उभा पंख हवेतच तुटला होता. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण दगावले. मला या घटनेत विशेष वाटते ते हे, की त्या वेळी विमानाचा वेग ‘मॅन्युव्हरिंग स्पीड’पेक्षा कमी होता. या वेगाखाली नियंत्रणे कशीही फिरवली तरी विमान मोडत नाही, असा अनेक वैमानिकांचा समज होता.

समजाचे मूळ एका आलेखात आहे. त्याच्या आडव्या अक्षावर वेग असतो, उभ्या अक्षावर भारगुणक. म्हणजे पंखांवरचा भार विमानाच्या वजनाच्या किती पट आहे तो आकडा. सरळ उड्डाणात तो १ असतो. डावीकडून वर चढणारी वक्ररेषा पंखांची कुवत दाखवते. तिच्यापलीकडे उचल मागितली, तर हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल ढासळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. वरची आडवी रेषा सांगाड्याची मर्यादा दाखवते, तर उजवीकडची उभी रेषा कमाल वेगाची.

वक्ररेषा आणि आडवी रेषा जिथे मिळतात, तो मॅन्युव्हरिंग स्पीड. समजा, एका लहान विमानाचा स्टॉलचा वेग ५० नॉट आहे आणि भारमर्यादा ३.८. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० ला ३.८ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.९५ ने गुणायचे. उत्तर येते ९७ नॉट. त्याखाली नाक झटक्याने वर ओढले, तर भार ३.८ पट होण्याआधीच विमान स्टॉल होते. पंख माघार घेतो, म्हणून सांगाडा वाचतो. त्याहून अधिक वेगात मात्र पंखाची कुवत सांगाड्याच्या सहनशक्तीपेक्षा जास्त असते.

परंतु हे संरक्षण नाक वर ओढण्यापुरतेच आहे. शेपटीच्या उभ्या पंखाचा हिशेब वेगळा. प्रमाणनाच्या नियमांत रडर, म्हणजे त्या पंखावरचे सुकाणू, एकदा एका बाजूला पूर्ण वळवून पुन्हा मध्यावर आणणे गृहीत धरले होते. ५८७ वर पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांशी गाठ पडल्यावर सहवैमानिकाने पायाच्या पेडलने रडर काही सेकंदांत आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळवले. विमान आधीच तिरके झालेले असताना रडर उलट फिरले, की तिरकेपणाचा भार आणि रडरचा भार एकाच दिशेला साठतात. प्रत्येक फेरीत ते वाढत गेले. अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार सोसेल अशी बांधणी करावी लागते. उभ्या पंखावरचा भार त्याच्याही पुढे गेला.

२०१० मध्ये अमेरिकी नियम बदलला. मॅन्युव्हरिंग स्पीडखालीही नियंत्रणे झटपट आणि मोठ्या प्रमाणात उलटसुलट फिरवल्यास सांगाडा मोडू शकतो, असा इशारा मोठ्या प्रवासी विमानांच्या पुस्तिकेत द्यावा लागू लागला.