पायाखालचा पाट

आमची आत्या कराडहून मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. गुडघ्यांमुळे तिला उकिडवं बसणं जमेनासं झालं होतं, त्यामुळे कमोड असलेलं घर तिच्या सोयीचं होतं. पण दोनेक महिन्यांत नवीनच तक्रार सुरू झाली. मुलाशी किंवा सुनेशी बोलायचा संकोच, म्हणून फोन मला. "अगं, कळ येते, जाऊन बसते आणि मग काहीच नाही. झालं तरी अर्धं आत राहिल्यासारखं वाटतं. कुंथून कुंथून डोळ्यांपुढे अंधारी येते."

जेवणखाण कराडला होतं तेच होतं. रात्रीचं इसबगोल चालू होतं. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही निघालं नाही. मग एका दुपारी मी तिला कपड्यांसकट कमोडवर नुसतं बसायला सांगितलं आणि समोर उभी राहिले. आत्याची उंची चार फूट दहा इंच. तिचे पाय अधांतरी होते, चवड्यांची टोकं तेवढी फरशीला टेकत होती. मांड्या गुडघ्यांकडे उतरत्या, पाठ मागे टाकीला टेकलेली. खुर्चीत बसून बस यायची वाट पाहावी तशी ती बसली होती.

उकिडवं बसल्यावर शरीरात जे होतं आणि खुर्चीसारखं बसल्यावर जे होत नाही, ते समजायला एका स्नायूची ओळख करून घ्यावी लागते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्या खाली गुदमार्ग. ही वाट सरळ नसते, दोन्हींच्या सांध्यापाशी तिला वळण असतं. हे वळण राखतो तो प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू. त्याची रचना थेट गोफणीसारखी. दोन्ही टोकं पुढच्या बाजूला जघनास्थीला बांधलेली आणि मधला भाग आतड्याला मागून कवेत घेणारा. एरवी ही गोफण ताणलेली असते, आतडं पुढे ओढलेलं राहतं आणि वाट साधारण काटकोनात मुडपलेली असते. आपण दिवसभर उठतो, बसतो, खोकतो, हसतो, तरी मल आत राहतो, यात या मोडीचा मोठा वाटा आहे. शौचाच्या वेळी गोफण सैल पडली पाहिजे आणि वळण उघडलं पाहिजे. मांड्या पोटाकडे आल्या की हे वळण उघडायला मदत होते.

जपानमध्ये सहा निरोगी माणसांवर हे मोजून पाहिलं गेलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक्स-रेखाली वळणाचा कोन पाहिला होता. खुर्चीसारखं बसल्यावर तो सुमारे 100 अंश भरला, उकिडवं बसल्यावर 126. उकिडवं बसल्यावर पोटातून द्यावा लागणारा जोरही कमी होता. त्याआधी 2003 मध्ये इस्रायलमधल्या डोव्ह सिकिरोव्ह या डॉक्टरांनी 28 जणांना हातात घड्याळ देऊन वेळ मोजायला लावली होती. 41 ते 42 सेंटिमीटर उंचीच्या नेहमीच्या कमोडवर पोट मोकळं झाल्यासारखं वाटायला सरासरी 130 सेकंद लागले. दहा सेंटिमीटर बुटक्या कमोडवर 114 आणि उकिडवं बसून 51.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पायाखाली पाट घेतला म्हणजे आपण उकिडवे बसलो असं होत नाही. त्याच जपानी अभ्यासात तिसरी बैठकही होती. कमोडसारखंच बसायचं, पण मांड्या जास्त वर घ्यायच्या. त्यात कोन 99 अंश, म्हणजे साध्या बसण्याइतकाच राहिला. नुसते गुडघे वर घेऊन भागत नाही, अशी शंका यावी असा हा आकडा आहे. याच कोड्याचा दुसरा तुकडा 2016 च्या एका अभ्यासात सापडतो. त्यातल्या 22 रुग्णांना ताठ बसून मलविसर्जन जमत नव्हतं. त्यांना रोदँच्या 'विचारवंत' शिल्पासारखं पुढे झुकून बसवलं, तेव्हा कोन 113 वरून 134 अंशांवर गेला आणि ताठ बसून अडलेल्यांपैकी निम्म्यांचं काम झालं. म्हणून पाट आणि पुढे झुकणं ही जोडी आहे. पाटाने पायांना आधार आणि मांड्यांना चढ मिळतो, झुकण्याने वळण उघडतं. पाय अधांतरी असले तर माणूस पुढे झुकूच शकत नाही, तोल जाईल या भीतीने मागेच रेलतो. आत्याचं नेमकं हेच होत होतं.

अमेरिकेत हा पाट 'स्क्वॅटी पॉटी' या नावाने घराघरांत पोहोचला. यूटा राज्यातल्या एडवर्ड्स कुटुंबाने आईच्या बद्धकोष्ठतेवर उपाय म्हणून तो बनवला होता. 2019 मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी 52 जणांना असा पाट वापरायला दिला. 90 टक्के जणांनी कुंथणं कमी झाल्याचं सांगितलं, तर 71 टक्क्यांनी वेळ कमी लागत असल्याचं. हे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. बहुतेक जण तरुण आणि निरोगी होते, आणि आपण पाट वापरतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता उंचीचा हिशोब. बाजारातले पाट बहुधा सात किंवा नऊ इंचांचे, म्हणजे 18 ते 23 सेंटिमीटरचे असतात. पण एकच उंची सगळ्यांना बसत नाही. आत्याच्या कमोडची उंची बैठकीच्या कड्यासकट 43 सेंटिमीटर होती आणि तिचा पाय गुडघ्यामागच्या खळग्यापासून टाचेपर्यंत 37. म्हणजे पाय नीट टेकायलाच सहा सेंटिमीटर कमी पडत होते. गुडघे कमरेपेक्षा वीतभर नव्हे, पण तळहाताच्या रुंदीइतके, दहा-बारा सेंटिमीटर वर यायला हवेत. सहा आणि बारा मिळून अठरा, म्हणजे सात इंचांचा पाट. तिच्या मुलाचा पाय 44 सेंटिमीटरचा आहे, त्याचं काम बारा सेंटिमीटरच्या पाटावर भागेल. विकत घेण्याआधी आम्ही रद्दीचे दोन गठ्ठे सुतळीने घट्ट आवळून बांधले, कोरड्या फरशीवर ठेवले आणि कपड्यांसकटच बसून उंची ठरवली.

पहिल्या पाटाने फसवलंच. आंघोळीचा प्लास्टिकचा पाट होता, उंची बरोबर पण रुंदी कमी. दोन्ही पावलं चिकटून राहायची, गुडघे जुळायचे आणि पुढे झुकताना पोट मांड्यांवर अडायचं. पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर हवं. दुसरा रुंद आणला, तर तो कमोडला अगदी लागून ठेवल्यामुळे आत्याचे गुडघे जास्त दुमडून ठणकायला लागले. वीतभर पुढे सरकवल्यावर ते थांबलं. लाकडी पाट ओल्या जागी बुळबुळीत होतो, म्हणून तो नको. खाली रबराचे पाय लागतातच, आणि आत्याच्या वयाच्या माणसासाठी शेजारी भिंतीत हाताला धरायला दांडी असावी. उठताना आधी पाय फरशीवर घ्यायचे, पाट पायाने बाजूला सारायचा आणि मगच उभं राहायचं. पाटावरच उभं राहिलं तर घसरण्याची भीती असते. काही जण कमोडच्या काठावरच चढून उकिडवे बसतात. चिनी मातीचं भांडं माणसाच्या भाराने फुटलं तर त्याच्या कडा सुरीसारख्या कापतात, त्यामुळे तो प्रकार कधीच नको.

बसल्यावर करायचं एवढंच. कोपरं मांड्यांवर टेकवायची, कमरेतून पुढे झुकायचं, पण पाठीला पोक काढायचा नाही. श्वास कोंडायचा नाही. तोंड किंचित उघडं ठेवून सावकाश श्वास सोडत ओटीपोट पुढे फुगू द्यायचं. श्वास कोंडून कुंथलं की मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी होतं, आत्याच्या डोळ्यांपुढे येणारी अंधारी त्याचीच. सकाळच्या चहानंतर किंवा न्याहारीनंतर आतड्याला आपोआप चालना मिळते, तेव्हाच जावं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठावं आणि पुन्हा कळ येईल तेव्हा बसावं. मोबाइल घेऊन अर्धा तास बसलं तर मूळव्याधीला आमंत्रण मिळतं.

पाट कुणाला उपयोगी पडेल हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: अडचण दारात आहे की वाटेत? कळ वेळेवर येते, मल मऊ आहे, पण बाहेर पडायला झगडावं लागतं, ही दारातली अडचण. तिथे पाट वापरून पाहावा. चार-चार दिवस कळच येत नाही किंवा शेळीच्या लेंड्यांसारखे खडे पडतात, ही वाटेतली अडचण. तिथे पाणी, भाजी, इसबगोल, हालचाल आणि लोहाच्या गोळ्यांसारख्या औषधांकडे पाहावं लागतं. कडक मल पाटामुळे मऊ होत नाही.

दारातली एक अडचणही पाटाच्या आवाक्याबाहेरची असते. काही जणांची ती गोफण नेमक्या वेळी सैल पडण्याऐवजी आवळते. मऊ मल असूनही बोटाने काढावा लागणं किंवा वर्षानुवर्षं अर्धवट झाल्यासारखं वाटणं, ही त्याची खूण असू शकते. त्यासाठी गुदभागाच्या दाबाची तपासणी होते आणि पडद्यावर दाब दाखवत स्नायू सैल सोडायला शिकवणारे बायोफीडबॅकचे उपचार असतात. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाट वापरू नये. सुरुवातीचे काही आठवडे बऱ्याच रुग्णांना खुबा काटकोनापलीकडे वाकवायला मनाई असते आणि पाट नेमकं तेच करायला लावतो. त्यांना कमोडची बैठक उलट उंच करून दिली जाते. शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन, पंडुरोग किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, यापैकी काही असेल तर आधी डॉक्टर गाठावा.

आत्याला फरक पडायला आठवडाभर लागला. "आता अंधारी येत नाही," असं तिने फोनवर सांगितलं. उपासाच्या दिवशी पाणी कमी पडलं की दुसऱ्या सकाळी पाट असूनही झगडावं लागतं, हेही तिच्याच लक्षात आलं. परवा गेले तेव्हा पाट जागेवर नव्हता. तिचा चार वर्षांचा नातू तो ओढून त्यावर पाय टेकवून बसला होता. आधी कमोडवर बसवलं की तो दोन्ही हातांनी कडं घट्ट धरायचा आणि मिनिटाभरात "उतरव" म्हणून रडायचा. पाय लोंबकळत असल्याची भीती होती ती. आता आत्या दाराबाहेर उभी राहून आपली पाळी यायची वाट पाहत होती.