फोटोतला बैल, रंगवायचा बैल

चुन्याच्या भिंतीपुढे उभा असलेला पांढराशुभ्र खिल्लार बैल, पाठीवर आरशांची झूल, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, गळ्यात घुंगरमाळ. पोळ्याच्या दिवशी असा फोटो मोबाइलवर कोणीही काढतो. बालवाडीतल्या मुलांना रंगवायला यातूनच एक पान करावं, असं मनात येतं आणि मग माणूस एखादं सॉफ्टवेअर उघडून बटण दाबतो. समोर जे येतं त्याला पाठ नसते, पोटाखाली शाईचा डबा सांडलेला असतो आणि झुलीच्या जागी मुंग्यांचं वारूळ फुटलेलं असतं.

हे का होतं, ते एकदा बघण्यासारखं आहे. मोफत मिळणाऱ्या GIMP मध्ये ही करामत साधारण अशी चालते. फोटोतले रंग काढून तो राखाडी करायचा, त्याची एक प्रत वर ठेवायची, ती Invert करायची म्हणजे काळ्याचं पांढरं होतं, मग Gaussian Blur देऊन धूसर करायची आणि तिचा Mode बदलून Dodge ठेवायचा. जिथे उजेड सपाट आहे तिथे खालचं चित्र आणि वरचं उलटं चित्र एकमेकांना खोडून टाकतात, पान पांढरं पडतं. जिथे उजेड एकाएकी बदलतो तिथेच काळी खूण उरते. ती पेन्सिलीसारखी दिसते. शेवटी Colors मधल्या Threshold ने करड्या छटा घालवल्या की नुसतं काळं-पांढरं हाती येतं.

म्हणजे यंत्राला बैल दिसतच नाही, दिसतो तो उजेडातला फरक. पांढरी पाठ आणि पांढरी भिंत यांचा उजेड सारखा, म्हणून वशिंडापासून शेपटीपर्यंतची रेषा गायब. उलट कासऱ्याची मानेवर पडलेली सावली कासऱ्याइतकीच ठळक, म्हणून एका दोरीचे दोन दोर. झुलीतला प्रत्येक आरसा चमकतो, म्हणून प्रत्येकाभोवती वेडावाकडा ठिपका. Threshold ची पट्टी ० ते २५५ पर्यंत कितीही सरकवा. पाठ दिसायला लागेपर्यंत पोटाखालचे चारही पाय एकाच काळ्या डागात बुडालेले असतात, आणि पाय सुटे होतात तेव्हा पाठ पुसली गेलेली असते. दोन्ही एकदम जमेल असा आकडा त्या पट्टीवर नाहीच.

निम्मा बिघाड फोटो काढतानाच टळतो. बेंदूर आषाढात आणि पोळा श्रावणी अमावास्येला, म्हणजे आभाळ बहुधा भरलेलं. ते आपल्या फायद्याचं. ढगाळ उजेडात सावलीला धार नसते. बैल भिंतीपासून हलवून हिरव्या शेताकडे उभा केला की पाठीची कड सुटी होते. मोबाइल त्याच्या छातीच्या उंचीवर धरावा आणि बैल आडवा घ्यावा, पण चारही पाय वेगळे दिसतील असा. फोटो आपलाच असावा हेही ओघाने आलंच. नेटवरून उचललेला फोटो गिरवला तरी तो दुसऱ्याच्याच मालकीचा राहतो.

उरलेलं काम हाताचं. माझ्या मते स्वच्छ पान हवं असेल तर गिरवण्याला पर्याय नाही, आणि त्याला चित्रकलेचा हात असलाच पाहिजे असंही नाही. Inkscape हेही मोफत आहे. त्यात फोटो आणायचा, त्याचा थर फिका करून कुलूपबंद करायचा आणि वर नवा थर घेऊन पेनच्या साधनाने कड गिरवायची. नवशिका हात इथे बोटभर अंतरावर बिंदू टाकत जातो आणि रेषा थरथरते. वशिंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत चार-पाच बिंदू पुरतात. मधला बाक वक्ररेषा आपणच घेते. Trace Bitmap नावाची आज्ञा हे काम आपोआप करते, पण आधी कागदावर शाईने गिरवून स्कॅन केलेल्या चित्रावर ती वापरावी. फोटोवर वापरली की पुन्हा तेच वारूळ.

खरी मेख आहे ती आकार एकमेकांवर कसे रचायचे यात. प्रत्येक आकार बंद करायचा, आत पांढरा रंग भरायचा आणि मागून पुढे अशा क्रमाने ठेवायचा. सर्वांत खाली पलीकडचे दोन पाय. त्यांच्यावर धड, मान आणि अलीकडचे दोन पाय मिळून एकच आकार. अलीकडचा पाय वेगळा काढला तर मांडीवर आडवी रेष येते आणि पाय मागून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यावर झूल, झुलीवर गोंडे, मानेवर घुंगरमाळ. झूल पांढऱ्याने भरलेली असल्यामुळे तिच्याखालची पाठीची रेषा आपोआप झाकली जाते. काही खोडायला लागत नाही.

मग प्रश्न येतो काय गाळायचं याचा. बरगड्या, केस, गळ्याच्या कातडीच्या घड्या, जमिनीवरची सावली, भिंत, सगळं जातं. झुलीत फोटोत शंभरावर आरसे असतील, पण साधा मेणखडू सुमारे ८ मिमी जाड असतो, तेव्हा चार वर्षांच्या मुलाला सेंटिमीटरभरापेक्षा लहान खाना भरता येत नाही. म्हणून झुलीवर सात मोठी गोल भिंगं, काठाला त्रिकोणांची एक ओळ आणि खाली मोजके गोंडे. शिंगांवर मात्र मी फोटोत नसलेले पट्टे काढीन, कारण शिंगं रंगवणं हीच तर पोळ्याची गंमत. डोळा फोटोत काळा ठिपका असतो. पानावर तो बदामी आकाराचा, लहान बुबुळाचा आणि बुबुळात पांढरा बिंदू ठेवलेला असावा. बुबुळ सोडलं तर कुठेही भरीव काळं नको. खूर काळे भरले तर मुलाला रंगवायला तेवढी जागा कमी झाली.

बाहेरची रेषा साधारण १.२ मिमी, आतली ०.७ मिमी ठेवली की बैल पानावरून उठून दिसतो. रेषेची टोकं आणि कोपरे गोल ठेवावेत. बालवाडीत पानं छापखान्यातून नाही, झेरॉक्सच्या दुकानातून येतात, आणि झेरॉक्सची झेरॉक्स निघते तेव्हा केसासारख्या रेषा सगळ्यांत आधी तुटतात.

फाइल देण्यापूर्वी एक तपासणी करावी. A4 पानाला ३०० पिक्सेल प्रति इंच धरून, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलांचं PNG काढायचं, ते GIMP मध्ये उघडायचं आणि बादलीच्या साधनाने एकेका खान्यात लाल रंग ओतून बघायचा. रंग खान्याबाहेर वाहिला तर तिथे फट आहे. फट बहुधा सापडते ती दोन उघड्या रेषा जिथे भेटायला हव्या होत्या तिथे: कासरा वेसणीला मिळतो ती जागा, किंवा शेपटीचा गोंडा. कागदावर मिलिमीटरभराची फट कोणाच्या लक्षातही येत नाही. टॅबलेटवरच्या रंगवण्याच्या ॲपमध्ये मात्र त्याच फटीतून अख्खं पान लाल होतं. JPEG टाळावं, त्यात काळ्या रेषेभोवती करडी धूळ बसते आणि झेरॉक्सवर तिचे ठिपके होतात. छपाईला PDF द्यावी.

झुलीचे बारीक आरसे, बेगडाची नक्षी, मागची बैलगाडी असं सगळं वेगळ्या थरावर काढून ठेवलं तर तीच फाइल दोनदा कामी येते. बालवाडीसाठी तो थर लपवायचा. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी दाखवायचा आणि त्यातल्या रेषा अर्ध्या मिलिमीटरवर आणायच्या. त्यांच्या हातात तोवर खडूऐवजी रंगीत पेन्सिली आलेल्या असतात.