पत्र्याच्या छपराची भोके बुजवताना

पन्हळी पत्र्याचे छप्पर गळू लागले की बहुतेक वेळा दोष दोन ठिकाणी सापडतो. एक म्हणजे पत्रा दुसऱ्या शेडवरून काढून आणलेला असेल, तर त्याची जुनी बोल्टची भोके. नव्या सांगाड्याचे आडवे पाइप वेगळ्या अंतरावर असल्याने ती उघडी राहतात. दुसरे म्हणजे गंजाची भोके. ही पन्हळीत किंवा दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या जोडात पडतात, कारण तिथे आंब्या-फणसाचा पाला साचून ओल धरून ठेवतो.

पाणी जिथे टपकते तिथेच वर भोक असेल असे नाही. आत शिरलेले पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने उतारावर वाहत येते आणि आडवा पाइप लागला की तिथे टपकते. म्हणून भर उन्हात दारे-खिडक्या बंद करून आतून वर पाहावे. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे बारीक तार वर सरकवली की छपरावरून भोक लगेच सापडते. उजेड दिसत नाही आणि तरी गळते, तेव्हा संशय जोडावर घ्यावा.

डांबर किंवा एपॉक्सी लुकण नुसते भोकात भरले, तर ते फार दिवस टिकत नाही. मे महिन्यात दुपारी पत्रा हाताला चटका देण्याइतका तापतो आणि रात्री निवतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 3 मीटर लांबीचा लोखंडी पत्रा सुमारे दीड मिलिमीटर वाढतो आणि पुन्हा आकसतो. हे रोज घडते. कडक झालेले लुकण ताणले जात नाही, त्याची कड सुटते आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत येते. म्हणून भोक झाकण्याचे काम धातूने करावे आणि फट बंद ठेवण्याचे काम लवचिक सीलंटने.

सीलंट घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन पाहून घ्यावे. स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते आम्ल पत्र्यावरचा जस्ताचा थर खाते आणि ठिगळाखाली नवा गंज धरतो.

बोल्टचे जुने भोक उंचवट्यावर असते, त्यामुळे त्याचे काम सोपे आहे. समजा भोक 8 मिलिमीटरचे आहे. भोवतालचा दोन बोटे भाग पॉलिश पेपरने घासून कोरडा पुसावा, भोकाभोवती सीलंटचे कडे घालावे आणि रबरी वॉशर लावलेला आखूड नट-बोल्ट वरून बसवावा. खालून दुसऱ्याने मोठा वॉशर घालून नट आवळावा. रबर किंचित फुगले की थांबावे. जास्त आवळल्यास उंचवटा दबतो, तिथे खळगा होतो आणि पाणी नेमके बोल्टभोवती साचते.

गंजाच्या भोकाला घाई चालत नाही. वरून ते हरभऱ्याएवढे दिसते, पण भोवतालचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबत जावे. टोक आत जाते तितका भाग कापून टाकावा आणि कडेचा गंज वायर ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. हरभऱ्याएवढे भोक अशा वेळी सुपारीएवढे होते, आणि ते तसे होऊ द्यावे. उघड्या धातूवर प्राइमर मारून तो सुकू द्यावा.

ठिगळ त्याच मापाच्या पन्हळीच्या पत्र्याचे कापले तर नीट बसते. भोकाच्या चारही बाजूंना ते किमान 5 सेंटिमीटर पुढे यावे आणि कोपरे गोल करावेत. खालच्या अंगाला कडेपासून थोडे आत सीलंटची सलग रेघ फिरवावी. ती कुठेही तुटू नये. मग ठिगळ दाबून दर 5 सेंटिमीटरवर पॉप रिवेट मारावेत आणि त्यांच्या डोक्यांवरही सीलंटचा थेंब ठेवावा. वरची कड सर्वात महत्त्वाची, कारण उतारावरून येणारे पाणी तिच्यावरच आपटते. तिथे सीलंट बोटाने उतरता करून घ्यावा. आधीचे जुने सिलिकॉन राहिले असेल तर ते पूर्ण खरवडून काढावे, कारण त्याच्यावर नवा सीलंट चिकटत नाही.

हे काम एप्रिल-मेमध्ये, सकाळी दव सुकल्यावर आणि पत्रा तापण्याआधी करावे. सीलंटवर साय लवकर धरते, पण आतपर्यंत सुकायला एक-दोन दिवस लागतात. छपरावर चढताना खालच्या आडव्या पाइपांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरच उभे राहावे. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर घासू नये, त्याला भोकही पाडू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

दोन दिवसांनी पाइपने पाणी मारून पाहावे. सुरुवात खालून करून हळूहळू वर सरकावे, म्हणजे कोणते ठिगळ गळते ते कळते. एकाच पत्र्यावर हातभर अंतरात तीन-चार गंजाची भोके निघाली, किंवा रिवेट मारताना धातूच फाटू लागला, तर ठिगळाचा खर्च न करता तो पत्रा बदलावा.