नागरिकाची मूलभूत कर्तव्ये : न दिसणारा शेजारी



तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मराठवाड्यात एक शब्द फार ऐकावा लागला. तो शब्द म्हणजे ‘प्रजा’. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्रजेला हुकूम ऐकायचे असतात आणि सारा भरायचा असतो. गावचा रस्ता, गावची विहीर, गावची नदी ही सरकारची. आपला संबंध घराच्या उंबरठ्यापर्यंत. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि त्याच माणसांना ‘नागरिक’ हे नाव मिळाले. नाव एका दिवसात बदलता येते, उंबरठ्याची सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. घर झाडून केर रस्त्यावर लोटणारा माणूस राहतो स्वतंत्र भारतात, पण मनाने तो अजून प्रजाच असतो. नागरिकाची कर्तव्ये या विषयाचे मूळ इथे आहे.

प्रथम घटनेत काय लिहिले आहे ते पाहू. १९५० च्या घटनेत मूलभूत हक्क होते. मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. ती १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, सरदार स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर, ‘५१ क’ या कलमात आली. तेव्हा दहा कर्तव्ये होती. २००२ साली अकरावे आले : सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे. हे कर्तव्य तुमचे नाही, तुमच्या आईवडिलांचे आहे, हे घरी सांगायला हरकत नाही!

ही यादी आली तेव्हा देशात आणीबाणी होती आणि नागरिकांचे हक्क आखडले गेले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्या काळातले बरेच बदल मागे घेतले गेले, पण कर्तव्ये राहिली. त्यातून एवढे समजावे की कर्तव्य ही हक्क हिरावण्याची काठी नव्हे. कोणी दुसऱ्यावर धाक घालण्यासाठीच कर्तव्याचे नाव घेऊ लागला, तर सावध व्हावे.

आता यादीत काय नाही ते पाहा. कर भरा असे तिच्यात नाही. समितीने ते सुचवले होते, पण संसदेने घेतले नाही. मत द्या असेही नाही. आणि ‘सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवा’ असे शब्दही तिच्यात सापडत नाहीत. मग हे कर्तव्य आले कुठून? दोन कलमांतून. सातवे कर्तव्य सांगते की वने, सरोवरे, नद्या यांसह निसर्गाचे रक्षण करावे. नववे सांगते की सार्वजनिक मालमत्ता सांभाळावी. शाळेसमोरचे गटार ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ते गटार शेवटी नदीला मिळते. म्हणजे गटारात टाकलेला एक कागद एकाच वेळी दोन कर्तव्ये मोडतो. तो कसा, हे नांदेडच्या वाटेने पाहू.

समजा, मे महिन्यात नांदेडच्या एका शाळेसमोर एका मुलाने खाऊची पुडी फोडली आणि रिकामे वेष्टन हातातून सोडून दिले. त्याच्या हातून ते सुटले आणि त्याच्या मनातूनही सुटले. पण वेष्टनाचा प्रवास तिथून सुरू होतो. वाऱ्याने ते गटारात जाते. प्लास्टिक कुजत नाही, चपटे असते, आणि पुलाच्या नळीच्या तोंडाशी जाऊन आडवे चिकटते. त्याच्यावर पाला अडतो, पाल्यावर गाळ बसतो. महिनाभरात तिथे बांध तयार होतो. तो कोणी बांधलेला नसतो, सगळ्यांनी मिळून बांधलेला असतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येतो. पाण्याला पुढे वाट नसते, म्हणून ते मागे फिरते आणि सखल वस्तीतल्या घरात शिरते. वेष्टन टाकणाऱ्या मुलाचे घर बहुधा तिथे नसते.

पाऊस फारच जोराचा असला तर तो बांध फुटतो आणि सारा मळ नाल्यातून गोदावरीत जातो. इथे नांदेडची एक विशेष गोष्ट ध्यानात घ्या. शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः विष्णुपुरीच्या जलाशयातून येते, आणि विष्णुपुरी शहराच्या वरच्या अंगाला आहे. नाले मिळतात ते त्याच्या खाली. म्हणजे आपण पितो वरचे पाणी आणि घाण सोडतो खालच्या पाण्यात. आपण केलेल्या घाणीची चव आपल्याला कधी कळत नाही. ती कळते नदीकाठच्या खालच्या गावांना, धर्माबादकडच्या लोकांना, आणि सीमा ओलांडल्यावर तेलंगणातल्या बासरच्या यात्रेकरूंना. आपले पाणी आपणच गढूळ करत असतो, तर तहानेनेच आपल्याला शहाणपण शिकवले असते. त्रास दुसऱ्याला होत असल्यामुळे इथे तहान शिकवत नाही, म्हणून कर्तव्य लागते.

निर्माल्याचेही तसेच. फुले कुजतात, पण ती ज्या पिशवीत बांधून नदीत सोडली जातात ती पिशवी कुजत नाही. निर्माल्य कुंडात ठेवले आणि पिशवी घरी परत आणली, तर श्रद्धेला काही उणे पडत नाही.

नांदेडकर वरच्या अंगाला आहेत. खालच्या अंगाला असणे म्हणजे काय, हे लातूरला विचारावे. लातूर शहराला पाणी मांजरा धरणातून येते आणि ते धरण आहे बीड जिल्ह्यात धनेगावला. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण आटले. मार्चमध्ये टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून पाच किंवा अधिक माणसांनी जमण्यास बंदी करावी लागली. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलम पाण्यासाठी लावले गेले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास करून १२ एप्रिलला पहिली गाडी लातुरात पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, ती एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर आणी. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यातले होते. ज्यांच्या मुलखातून ते आले, त्यांना लातूरकरांनी पाहिले नव्हते, आणि त्यांनीही लातूरकरांना पाहिले नव्हते.

अशा गावात गळकी तोटी ही किरकोळ गोष्ट राहत नाही. हिशेब तुम्हीच करा. शाळेतल्या थेंब थेंब गळणाऱ्या तोटीखाली दोनशे मिलिलिटरचा पेला ठेवा आणि घड्याळ पाहा. पेला पंधरा मिनिटांत भरला, तर तासाला चार पेले आणि दिवसाला शहाण्णव पेले होतात. म्हणजे एकोणीस लिटरांहून थोडे अधिक. एक मोठी घागर रोज मातीत जाते. बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो. तोटी घट्ट पिळूनही थेंब थांबत नसला तर वायसर गेला असे समजावे. अधिक जोराने पिळू नये, त्याने आटे जातात आणि तोटीच बदलावी लागते. मुख्याध्यापकांना सांगावे. तोटी रस्त्यावरची असेल तर महानगरपालिकेच्या कार्यालयात जागा, तारीख आणि पेल्याचा हिशेब लिहून अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. ‘पाणी वाया जाते’ या तक्रारीपेक्षा ‘रोज एकोणीस लिटर जाते’ ही तक्रार टाळणे कठीण असते.

पाणी काही दिवसांआड येते तिथे घरोघर पिंप आणि हौद भरून ठेवावे लागतात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला असेच साठवलेले स्वच्छ पाणी आवडते. अंड्यापासून उडता डास होण्यास उन्हाळी हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळतात : त्या दिवशी भांडे पूर्ण रिकामे करायचे, म्हणजे अळीला डास होण्याची सवड मिळत नाही. पण नुसते पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या कडेशी चिकटलेली असतात. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि भांडे पुन्हा भरले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून आतून काथ्याने घासावे आणि वर घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. ओतायचे पाणी वाया घालवू नये, झाडांना द्यावे. हे सारे आपल्याच घरात करायचे, पण तो डास शे-दोनशे मीटर सहज जातो. आपल्या पिंपातला डास शेजाऱ्याच्या तान्ह्या मुलाला चावतो. म्हणजे कर्तव्य कधी उंबरठ्याबाहेर असते, तर कधी उंबरठ्याच्या आतच.

तुमच्यातील चौकस विद्यार्थी विचारील : ही कर्तव्ये मोडली तर शिक्षा काय? ५१ क कलमात शिक्षा सांगितलेली नाही, आणि केवळ त्या कलमाच्या आधारावर कोणाला दंड करता येत नाही. दंड होतो तो निरनिराळ्या कायद्यांनी आणि नियमांनी. तरी कलम निरुपयोगी नाही. गंगेच्या प्रदूषणाच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने याच सातव्या कर्तव्याचा आधार घेतला. कानपूरच्या नगरपालिकेला तिच्या जबाबदारीची जाणीव दिली, आणि शाळांतून आठवड्याला निदान एक तास निसर्गरक्षणाचे शिक्षण द्यावे असे सांगितले. या निकालातले दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. गटार उपसणे, कचरा उचलणे, नाल्याचे पाणी शुद्ध करून मग नदीत सोडणे, ही कामे नगरपालिकेची आहेत. मुलांच्या हाती झाडू दिला म्हणून ती माफ होत नाहीत. आपण वेष्टन खिशात ठेवावे आणि नाला तुंबला तर अर्जही करावा. नागरिकाला ही दोन्ही कामे आहेत; प्रजेला यांतले एकही नव्हते.

स्वच्छतेच्या नावाने चुकाही होतात. पटांगण झाडून ढीग गटारात लोटला तर घाण गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. ढीग पेटवला तर प्लास्टिकचा धूर शेजारच्या वर्गात गेला. खरी सफाई ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘इथून हे कुठे गेले?’ असे विचारावे. उत्तर देता आले, तर सफाई झाली. नाही देता आले, तर घाण फक्त दुसऱ्याच्या दारात गेली.

शेवटी नकाशा उघडा. लातूरकडून येणारी मांजरा कर्नाटक आणि तेलंगणातून फिरून येते आणि कंदकुर्ती येथे, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून, गोदावरीस मिळते. लातूरच्या मुलाने सोडलेले आणि नांदेडच्या मुलाने सोडलेले, दोन्ही तिथे एक होते आणि पुढे बासरच्या घाटाला लागते. त्या घाटावर उद्या सकाळी कोणीतरी ओंजळ भरील. आपण त्याला ओळखत नाही, तो आपल्याला ओळखत नाही. त्याच्याशी आपले जे नाते आहे, त्यालाच घटनेने कर्तव्य म्हटले आहे.